तिकीट साठ दिवस आधी, रजेचा अर्ज नंतर: गणपतीच्या एका रजेचं प्रकरण

आमच्या कार्यालयातल्या हजेरीचं आणि रजांचं काम माझ्याकडे असल्यामुळे जून महिना लागला की कोकणातल्या मंडळींची चुळबुळ मला सगळ्यांत आधी कळते. कॅलेंडरची पानं पुढे उलटली जातात, चहाच्या वेळी मोबाइलवर रेल्वेचं पान उघडलं जातं आणि कोणीतरी येऊन हळूच विचारतं, "ऑगस्टची रजा आत्ताच टाकता येते का?" उत्तर "नाही" असंच असतं. बहुतेक खासगी नोकऱ्यांमध्ये गणपतीच्या रजेचं घोडं इथेच अडतं. रेल्वेला तारीख आधी सांगावी लागते, रजा नंतर मिळते, आणि मधल्या दिवसांत माणसाच्या हातात तिकीट असतं, मंजुरी नसते.

२०२५ सालच्या गणपतीत आमच्या हिशेब विभागातल्या एका सहकाऱ्याने हा पेच ज्या रीतीने सोडवला, ती रीत सविस्तर नोंदवण्यासारखी आहे. त्याचं नाव बाजूला ठेवतो. घर कुडाळ तालुक्यात, नोकरी मुंबईत, सोबत पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. त्यांचा गणपती वाडीतल्या मूळ घरात बसतो आणि पूजेची, खर्चाची पाळी भावकीत फिरते. त्या वर्षी पाळी त्याच्याकडे होती. काकांचा फोन आला होता, "पाळी आपली आसा, तू इलंस नाय तर पूजेक कोण बसतलो?" म्हणजे एरवीसारखं "जमलं तर येतो" म्हणायला जागा नव्हती.

आधी त्या वर्षाच्या तारखा पाहू. हरतालिका मंगळवारी, २६ ऑगस्टला. चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला. गौरी रविवारी ३१ ला यायच्या, सोमवारी त्यांचं पूजन आणि मंगळवारी २ सप्टेंबरला गौरींबरोबर सात दिवसांच्या गणपतीचं विसर्जन. पूजेला बसणाऱ्याने आदल्या दिवशी घरात असायलाच हवं, कारण गणपतीच्या वर माटवी बांधायची असते, तिच्यासाठी रानातली फळं-पानं आणायची असतात आणि मूर्तीही मूर्तिकाराच्या शाळेतून घरी यायची असते. म्हणून २६ ला सकाळी कुडाळात उतरायचं आणि विसर्जन झाल्यावर ३ ला निघायचं, हा त्याचा मूळ बेत. आमची साप्ताहिक सुट्टी फक्त रविवारची. अडचण अशी की हे सगळे दिवस महिनाअखेरीवर बरोबर येऊन बसले होते, आणि हा माणूस हिशेब विभागातला.

आता रेल्वेची बाजू. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, आणि या साठांत प्रवासाचा दिवस धरत नाहीत. सकाळी आठला खिडकी आणि संकेतस्थळ एकदमच सुरू होतं. गणपतीच्या दिवसांतल्या कोकणच्या गाड्या काही मिनिटांत वेटिंगवर जातात. आमच्या रजेच्या प्रणालीत मात्र ४५ दिवसांपलीकडची तारीख टाकताच येत नाही. २६ ऑगस्टची रजा टाकायला १२ जुलै उजाडावा लागतो, आणि त्या रात्रीच्या गाडीचं आरक्षण तर जूनच्या शेवटच्या आठवड्यातच संपलेलं असतं. परतीचं तिकीट आणखी वेगळ्या दिवशी. ३ सप्टेंबरच्या गाडीचं आरक्षण ५ जुलैला उघडणार होतं. म्हणजे जायचं तिकीट घेताना परतीचं मिळेल की नाही याचा पत्ता नसतो. "या तारखेपासून या तारखेपर्यंत" असं एक वाक्य लिहून रजा मागण्याची आपली जी पद्धत आहे, ती इथे मोडते, कारण त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग माणसालाच अजून माहीत नसतो.

जाण्याच्या रात्रीची एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण रजेची पहिली तारीख तिच्यावर ठरते. कोकणकन्या एक्सप्रेस मुंबईहून रात्री ११:०५ ला सुटते. तुतारी एक्सप्रेस दादरहून १२:०५ ला. माणसाच्या दृष्टीने ही एकच रात्र, जेवून घरातून निघायचं आणि यातली कुठलीतरी गाडी धरायची. पण तिकिटावर कोकणकन्येची तारीख २५ ऑगस्ट येते आणि तुतारीची २६, कारण मधे बारा वाजून गेलेले असतात. २५ च्या रात्रीच निघायचं आहे म्हणून एखाद्याने तुतारीचं २५ तारखेचं तिकीट काढलं, तर ती गाडी प्रत्यक्षात रविवारी रात्री सुटते आणि हा सोमवारी रात्री बॅगा घेऊन दादरला उभा राहतो. दरवर्षी कोणाची तरी अशी फसगत झालेली ऐकू येते. याच फरकाचा फायदाही आहे. एका रात्रीच्या दोन गाड्यांची आरक्षणं दोन वेगवेगळ्या सकाळी उघडतात, कोकणकन्येचं २६ जूनला आणि तुतारीचं २७ जूनला. पहिल्या दिवशी हुकलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी, आणि रजा दोन्ही वेळा २६ ऑगस्टपासूनच. जे चिपळूण-रत्नागिरीकडून परतताना मध्यरात्रीनंतर गाडीत बसतात त्यांनीही एक ध्यानात ठेवावं. साठ दिवस मोजले जातात ते गाडी मूळ स्थानकातून सुटते त्या तारखेपासून, आपल्या बसण्याच्या तारखेपासून नाही.

आमच्या सहकाऱ्याने केलं ते असं. आरक्षण उघडायच्या आठवडाभर आधी, बुधवारी १८ जूनला, त्याने साहेबांना मेल पाठवली आणि मला त्याची प्रत दिली. प्रणालीत अर्ज जात नसला तरी मेल जाऊ शकते, एवढी साधी बाब बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मजकूर जवळपास असा होता:

"सर, यंदा आमच्या घरी गणपतीच्या पूजेची पाळी माझ्याकडे आहे. चतुर्थी बुधवारी २७ ऑगस्टला आणि विसर्जन मंगळवारी २ सप्टेंबरला आहे. त्यामुळे २६ ऑगस्ट ते २ सप्टेंबर हे दिवस मला गावी असणं आवश्यक आहे. जाण्याच्या गाड्यांचं आरक्षण २६ आणि २७ जूनला उघडेल, परतीचं ५ जुलैपासून. ३ आणि ४ सप्टेंबर हे दोन दिवस परतीच्या तिकिटावर अवलंबून आहेत. शुक्रवारी ५ सप्टेंबरला कामावर असेन, या हिशेबानेच तिकीट काढेन. माझ्या खात्यावर पुरेशी पीएल शिल्लक आहे. महिनाअखेरच्या माझ्या कामांची यादी आणि ती कशी करता येतील ते खाली लिहिलं आहे. तिकीट काढण्याआधी आपलं म्हणणं कळलं तर त्याप्रमाणे तारखा धरता येतील. अर्ज १२ जुलैला प्रणालीत टाकेन."

या मेलमध्ये मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते दिवसांचं केलेलं वेगळेपण. २६ ते २ हे न हलणारे दिवस, कारण ते घरच्या पूजेने ठरवले आहेत. ३ आणि ४ हे हलणारे, कारण ते रेल्वे ठरवणार आहे. साहेबांना पहिल्याच वाचनात कळतं की यातल्या कुठल्या दिवसांवर बोलणी होऊ शकतात आणि कुठल्यांवर नाही. सरसकट "२५ ते ५" मागितलं असतं तर त्यांनी कात्री कुठेही लावली असती, आणि ती नेमकी गौरीपूजनावर लागली असती.

त्याच सुमारास दुसऱ्या विभागातल्या एकाने व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, "सर तिकीट काढलंय, २५ ते ५ सुट्टी लागेल." मजकूर खोटा नव्हता, उद्धटही नव्हता. पण वाचणाऱ्याला त्यातून कळतं ते एवढंच, की निर्णय झाला आहे आणि आपलं काम फक्त मान हलवण्याचं. ज्याला महिनाअखेर निभावून न्यायची आहे, त्याला हे खटकणारच. शिवाय तिकिटाचे पैसे जातील हा युक्तिवाद दिसतो तितका भक्कम नाही. त्या वेळच्या नियमाप्रमाणे गाडी सुटायच्या ४८ तासांहून आधी स्लीपरचं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर माणशी १२० रुपये कापले जात, थ्री-टायर एसीत १८० आणि वर कर. दोघांचं मिळून नुकसान अडीचशेच्या आतबाहेर. "पैसे वाया जातील" म्हटलं की समोरचा सहज म्हणतो, "एवढंच ना, कंपनी देईल." खरं नुकसान जागेचं असतं. एकदा सोडलेला बर्थ गणपतीच्या आठवड्यात परत मिळत नाही, आणि ऑनलाइन काढलेल्या तिकिटाची तारीख तेव्हा बदलूनही मिळत नव्हती. रद्द करून नवीन काढायचं, म्हणजे वेटिंगच्या शेपटीला जाऊन उभं राहायचं. हे साहेबांना समजावून सांगितलेलं बरं. रुपयांचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

साहेबांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं आणि ते सरळ "हो" नव्हतं. तीन गोष्टी त्यांना सतावत होत्या. पगार, महिनाअखेरची खाती बंद करणं, आणि त्याच विभागातल्या ताईंचा गणपती.

पगाराचा मुद्दा वरवर छोटा वाटतो. हजेरी २० तारखेला बंद होते, पगारपत्रक २३ ऑगस्टच्या शनिवारपर्यंत तयार होऊ शकत होतं. पण बँकेच्या पोर्टलवर पगाराची फाइल चढवण्याचा अधिकार याच सहकाऱ्याच्या नावावर होता आणि मंजुरीचा साहेबांच्या. एकाच माणसाला दोन्ही करता येत नाही, ते नियंत्रण मुद्दामच ठेवलेलं असतं. चढवणारा गावी असेल तर मंजूर करणाऱ्याला कितीही घाई असली तरी फाइल हलत नाही. दुसऱ्या कोणाला तो अधिकार द्यायचा तर बँकेला सह्यांचं पत्र द्यावं लागतं, नवीन ओळख तयार होते आणि त्यात दिवस जातात. त्याने आपल्या यादीत हा मुद्दा स्वतःहून लिहिला होता, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात पत्र दिलं तर ऑगस्टच्या पगारापर्यंत विभागातल्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या नावाने अधिकार येईल, असंही सुचवलं होतं. हाच अर्ज त्याने १० ऑगस्टला केला असता तर कदाचित पगारासाठीच रजा अडली असती. लवकर विचारण्याचा खरा उपयोग हा. समोरच्याला आपल्याशिवाय काम चालवण्याची सोय करायला पुरेसा वेळ मिळतो.

खाती बंद करण्याच्या बाबतीत साहेबांनी विचारलं, "३१ ला परत येता येणार नाही का?" इथे त्याने वाद न घालता कामं तारखांवर मांडून दाखवली. टीडीएसचा भरणा ७ सप्टेंबरपर्यंत करायचा होता आणि ७ ला रविवार होता, म्हणून ६ ला आटपायला हवा. ऑगस्टचं जीएसटीआर-१ विवरणपत्र भरायची मुदत ११ ची. तो ४ किंवा ५ ला परतणार असल्याने ही दोन्ही कामं त्याच्याच हातून वेळेत होत होती. २५ ऑगस्टपर्यंतचं बँकेचं ताळमेळपत्रक तो जाण्याआधी पूर्ण करणार होता. राहता राहिली ३० ते २ या दिवसांतली बिलं आणि पुरवठादारांच्या देण्यांच्या तरतुदी. तिथे माणूस हवाच होता.

तो माणूस ताईंच्या रूपाने मिळाला, आणि मला वाटतं की या प्रकरणात सगळ्यांत शहाणपणाचं पाऊल तेच होतं. ताई गुहागरच्या, त्यांचाही गणपती गावीच. दोघेही कोकणातले म्हणून एकाच आठवड्यात विभाग रिकामा होणार, अशी साहेबांची धास्ती. पण ताईंच्या घरी गणपती दीड दिवसाचा. २८ ला विसर्जन, २९ ला निघणं, ३० च्या शनिवारी सकाळी कामावर. म्हणजे ज्या दिवसांत हा गावी अडकलेला, त्या दिवसांत ताई मुंबईत हजर. दोघं एकत्र गैरहजर असण्याचे कामाचे दिवस फक्त २६, २८ आणि २९. हे त्यांना कळलं कारण त्याने मेल पाठवण्याआधीच ताईंना विचारलं होतं, "ताई, तुमचं विसर्जन कधी?" त्यांच्या परतीचं, २९ ऑगस्टच्या गाडीचं, आरक्षण ३० जूनला उघडणार होतं, म्हणून त्यांनाही हे बोलणं जूनमध्येच हवं होतं. घराघराच्या गणपतीचे दिवस निराळे असतात, दीड, पाच, सात, अकरा, आणि हे दिवस एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले की अर्धी भांडणं होतच नाहीत. वरिष्ठांनी "कोकणातले दोघे एकदम जाऊ नका" असा सरसकट नियम करण्यापेक्षा विसर्जनाची तारीख विचारावी.

साहेबांनी २३ जूनला लिहून कळवलं: २६ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर तत्त्वतः मान्य, ४ तारखेचं परतीच्या तिकिटानंतर पाहू. हे शब्द मेलवर आहेत, तोंडी नाहीत, हे मी त्याला मुद्दाम विचारून घेतलं. ऑगस्टपर्यंत साहेब बदलतात, विभाग बदलतात, आणि तोंडी होकाराचा साक्षीदार कोणी नसतो.

पुढचं तिकिटांचं नाट्य बहुतेकांच्या परिचयाचं आहे. २६ जूनला कोकणकन्येत पैसे भरून होईपर्यंत वेटिंग लागलं होतं, म्हणून त्याने ते काढलंच नाही. २७ ला तुतारीत स्लीपरचे दोन कन्फर्म बर्थ मिळाले. मुलगी पाच वर्षांच्या आतली असल्याने तिला तिकीट लागत नाही, स्वतंत्र बर्थ मात्र मिळत नाही. त्याच दिवशी त्याने साहेबांना दोन ओळींत कळवलं आणि तिकिटाची प्रत जोडली. सोबत लिहिलं, "तिकिटावर तारीख २६ असली तरी गाडी सोमवारी २५ च्या रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी आहे, म्हणून २५ ला मी पूर्ण दिवस कामावर आहे." हे लिहिणं आवश्यकच. नाहीतर तिकीट पाहणाऱ्याचा सहज गोंधळ होतो आणि रजा एक दिवस इकडे-तिकडे धरली जाते.

परतीला मात्र कठीण गेलं. ५ जुलैच्या शनिवारी ३ सप्टेंबरच्या दोन्ही रात्रगाड्यांना वेटिंग. ६ तारखेला ४ सप्टेंबरच्या गाडीत कन्फर्म जागा मिळाली. ३ तारखेचं वेटिंग तिकीट काढून नशिबावर सोडावं का, असं त्याने मला विचारलं. माझं मत स्पष्ट होतं. वेटिंगच्या तिकिटावर रजेची तारीख उभी करू नये. जुलै २०२५ पासून आरक्षणाचा तक्ता गाडी सुटायच्या आठ तास आधी लागू लागला. पूर्वीच्या चार तासांपेक्षा हे बरं, पण संध्याकाळच्या गाडीचा निकाल सकाळी कळला तरी साहेबांच्या दृष्टीने तो शेवटच्या दिवशीच कळतो. पूर्ण वेटिंगचं ई-तिकीट तक्त्यानंतर आपोआप रद्द होतं, त्यावर आरक्षित डब्यात चढता येत नाही. आरएसी असेल तर निदान बसायला जागा मिळते, त्यावर निघता येतं. तात्काळची आशाही अशा आठवड्यात धरू नये. स्लीपरचं तात्काळ आदल्या दिवशी अकराला उघडतं, म्हणजे ३ तारखेसाठी २ सप्टेंबरला, ऐन विसर्जनाच्या सकाळी, घरात पाहुणे आणि वाडीत नेटवर्कची बोंब असताना. त्यात १ जुलैपासून ऑनलाइन तात्काळला आधार जोडलेलं खातंच लागू लागलं होतं.

म्हणून त्याने ७ जुलैला लिहिलं, की ३ ची जागा मिळाली नाही, ४ च्या संध्याकाळची मिळाली आहे, शुक्रवारी ५ ला सकाळी पोहोचेन. रजा एका दिवसाने वाढते. विशेष गाड्या जाहीर झाल्या तर ३ साठी पुन्हा प्रयत्न करेन आणि मिळाली तर रजा कमी करून घेईन. साहेबांनी मान्यता दिली. ४ तारीख आपल्यावर अवलंबून नसल्याचं त्यांना जूनमध्येच कळलेलं असल्याने या मेलने कोणाला धक्का बसला नाही.

१२ जुलैला अर्ज प्रणालीत गेला. रजेचा हिशेब असा. २६, २८, २९, ३० ऑगस्ट, १, २, ३ आणि ४ सप्टेंबर, एकूण ८ दिवस. २७ ची सुट्टी कंपनीचीच. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे तेव्हा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या द्याव्या लागत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या. आमच्याकडे त्यांत गणेश चतुर्थी आहे. सगळीकडे असेलच असं नाही, म्हणून जानेवारीत लागणारी सुट्ट्यांची यादी पाहून ठेवावी. त्याच कायद्यात किरकोळ रजा म्हणजे सीएल वर्षाला आठ आहेत, पण त्या तिमाहीनुसार जमा होतात आणि वर्षअखेरीस उरल्या तर जातात. हक्काची रजा, म्हणजे पीएल, मागच्या वर्षी किमान २४० दिवस काम केलेल्याला, कामाच्या दर २० दिवसांमागे एक या दराने मिळते. २८० दिवस भरले असतील तर १४ रजा. गावच्या मोठ्या रजेसाठी हीच वापरावी. सीएल अचानक उद्भवणाऱ्या कामांसाठी राखून ठेवावी, आणि परतीच्या गाडीचा उशीर हे तसंच काम आहे. मधले रविवार आणि सुट्टी रजेत धरायची की नाही, याचा आपल्या कंपनीचा नियम अर्ज भरण्याआधी विचारावा. काही ठिकाणी आठाचे दहा होतात आणि ते पगारपत्रकावरच कळतं.

जुलैच्या उत्तरार्धात विशेष गाड्यांचं आरक्षण उघडलं. ३ सप्टेंबरच्या एका गाडीत त्याला दोन कन्फर्म जागा मिळाल्या. भाडं थोडं जास्त होतं. ४ चं तिकीट त्याने रद्द केलं, दोघांचे मिळून २४० रुपये गेले, आणि त्याच दिवशी रजा आठाची सात करून घेतली. मिळालेली रजा स्वतःहून परत करणारे थोडे असतात. मागितली तेव्हा त्याने जे सांगितलं होतं ते खरं होतं, हे साहेबांना यातून कळलं, आणि पुढच्या वर्षी त्याचा शब्द अधिक वजनाने घेतला जाईल, याची मला खात्री आहे.

एक कलम मात्र मी त्याला वाढवायला सांगितलं. ४ च्या सकाळी पोहोचून दहाला कामावर, असं वचन देऊ नको. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळ्या, कमी वेगाच्या वेळापत्रकावर चालते आणि ते वेळापत्रक गणपतीत लागू असतं. त्यात दरड कोसळली तर सगळाच हिशेब संपतो. जुलै २०२४ मध्ये खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ दरड आली तेव्हा मार्ग जवळपास दिवसभर बंद होता. त्यामुळे त्याने लिहिलं, "गाडी वेळेवर असल्यास ४ ला दुपारी दीडपर्यंत येईन, अर्धा दिवस सीएल धरावी. मार्ग बंद असल्यास कळवून पूर्ण दिवस धरावा." गावातून लॅपटॉपवर काम करीन असंही तो म्हणणार होता. तेही मी काढायला लावलं. भर पावसात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नाही, आणि पूजेला बसलेल्या माणसाला तरतुदीच्या नोंदी विचारणं हे त्याच्यावरही अन्याय आणि कामावरही. त्याऐवजी ३० ऑगस्टला आणि ३ सप्टेंबरला सकाळी दहा ते अकरा फोनवर मिळेन, एवढं लिहिलं. दोन्ही दिवस ताईंनी फोन केला, एकदा एका पुरवठादाराच्या बिलासाठी आणि एकदा पगारातल्या एका कपातीसाठी. पगार नव्या अधिकाराने वेळेत गेला. ४ तारखेला तो दुपारी जेवणाच्या सुट्टीत आला, टेबलावर करंज्यांचा डबा ठेवला आणि टीडीएसच्या चलनाला लागला.

"तिकीट काढलंय" असं कळवणाऱ्या सहकाऱ्यालाही रजा मिळाली. पण २५ पासून नव्हे, २७ पासून, आणि परत १ तारखेला. त्याच्या विभागात त्याच्या जागी माणूस शोधायला तेव्हा वेळच उरला नव्हता. २५ चं तिकीट सोडून तो २६ च्या रात्री एसटीने गेला.

२०२६ ला चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. शुक्रवारी ११ च्या रात्री निघायचं तर कोकणकन्येचं आरक्षण १३ जुलैला आणि तुतारीचं, १२ तारखेचं म्हणून, १४ जुलैला उघडेल. ऑक्टोबर २०२५ पासून आरक्षण उघडल्यानंतरची सुरुवातीची वेळ ऑनलाइनवर आधार जोडलेल्या खात्यांसाठीच राखीव झाली, तेव्हा ती जोडणी जूनमध्येच करून ठेवावी. हिशेब विभागात या वेळी महिनाअखेर आड येणार नाही, पण १५ सप्टेंबरला आगाऊ कराचा दुसरा हप्ता आहे आणि २० ला जीएसटीआर-३बी. आमच्या कुडाळच्या सहकाऱ्याने या तारखा साहेबांच्या कॅलेंडरवर आत्ताच लावून घेतल्या आहेत. पाळी आता त्याच्या चुलतभावाची आहे, म्हणून तो या खेपेला पाच दिवसांचीच रजा मागणार आहे.